अप्रिय बातमी सांगताना, भाग 7 : जेऊरचं पत्र

पहिल्या वाक्याबद्दल या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या वेळी. मध्येच जेऊरहून एका वाचकाचं पत्र आलं आहे आणि त्याचं उत्तर दिवाळीपर्यंत थांबू शकत नाही. तेव्हा हा सगळा भाग त्यालाच देतो.

पत्र लिहिणारे गृहस्थ केळीच्या एका पॅकहाउसवर व्यवस्थापक आहेत. उजनीच्या पाण्यावर करमाळा तालुक्यात केळी वाढली आणि कंदर, जेऊर या पट्ट्यातला माल थेट परदेशी जाऊ लागला, हे तिकडच्या वाचकांना सांगायला नको. घडातून फण्या सोडवायच्या, तुरटीच्या पाण्यात चीक धुवायचा, प्रतवारी करायची, वजन करून बॉक्स भरायचा. त्यांच्याकडे बावीस माणसं कायम आहेत आणि हंगामात तीसेक बायका आसपासच्या गावांतून टेम्पोने रोजावर येतात. कायम माणसांना गेली काही वर्षं दिवाळीला दोन पगार बोनस मिळतो. यंदा काही माल परदेशात नाकारला गेला, पैसे अडकले, आणि एकच पगार देता येईल असं मालकांनी ठरवलं. फळ्यावर लावायचा मजकूरही त्यांनी लिहून दिला : ‘आर्थिक अडचणीमुळे यंदाचा बोनस रद्द करण्यात आला आहे. सर्वांनी सहकार्य करावे.’ व्यवस्थापक विचारतात, ही भाषा थोडी मऊ कशी करू?

भाषेचं नंतर बघू. आधी हे की तो मजकूर खरा नाही. बोनस रद्द झालेला नाही, निम्मा झाला आहे. आणि जो राहिला आहे तो मालकांनी द्यायचं ठरवलं म्हणून राहिलेला नाही, तो कायद्याने द्यावाच लागतो. 1965 च्या बोनस कायद्यात किमान बोनस पुढे 8.33 टक्के झाला आणि त्याची जागा घेणाऱ्या 2019 च्या वेतन संहितेतही तो तेवढाच आहे. वर्षाच्या कमाईचे 8.33 टक्के म्हणजे बारावा हिस्सा, म्हणजे एका महिन्याचा पगार. नफा झाला नाही तरी तो द्यायचा असतो. मात्र हिशेब नेहमी हातात पडणाऱ्या पूर्ण पगारावर होत नाही. 1965 च्या कायद्यातली 2015 च्या दुरुस्तीनंतरची रीत अशी होती, की महिना 7,000 रुपये किंवा त्या कामाचं किमान वेतन, यांतली जी रक्कम मोठी असेल तिच्यावर टक्के काढायचे. समजा ती रक्कम 12,000 आली, तर वर्षाचे 1,44,000 आणि त्याचा बारावा हिस्सा पुन्हा 12,000. एवढ्याला मालक हात लावू शकत नाहीत. 8.33 पासून 20 टक्क्यांपर्यंतचा भाग वाटपयोग्य नफ्यावर अवलंबून असतो. दुसरा पगार त्यात येतो, आणि यंदा गेला आहे तो हाच.

पत्रात रोजावरच्या बायकांचा उल्लेख फक्त ‘त्यांचा प्रश्न नाही’ एवढाच आहे. प्रश्न आहे. वर्षात तीस दिवस काम केलेला माणूस किमान बोनसला पात्र ठरतो, मग तो रोजावर असला तरी. हंगामभर फण्या धुणाऱ्या बाईने तीस दिवस कधीच ओलांडलेले असतात. दुसरा पगार कापल्याची बातमी सांगायला उभं राहायचं आणि समोर बसलेल्या तीस जणींचं देणं आपल्या यादीतच नाही, अशी वेळ आली तर पुढचा एकही शब्द कोणी ऐकणार नाही. म्हणून आधी हजेरीपट घ्या, तीस दिवस कोणाचे भरलेत ते काढा, रकमा लिहा. बैठक त्यानंतर.

आता फळ्याकडे येतो. फळ्यावर बातमी लावण्याची किंमत मुंबईने शंभर वर्षांपूर्वी मोजली आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत गिरण्यांनी मजुरांना वर्षाकाठी बोनस द्यायला सुरुवात केली आणि तो सलग काही वर्षं मिळत गेला. तेजी ओसरली. जुलै 1923 मध्ये गिरणीमालकांनी नोटिसा लावल्या की या वर्षी बोनस नाही. तेव्हा फारसं काही घडलं नाही. बहुतेक मजुरांना वाचता येत नव्हतं, आणि बोनसचे दिवसही लांब होते. जानेवारी 1924 मध्ये नेहमीच्या वेळी पैसे हाती पडले नाहीत तेव्हा बातमी खरी कळली, आणि सुमारे दीड लाख मजूर संपावर गेले. सरकारने मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांची समिती नेमली. समितीने दोन गोष्टी सांगितल्या : या बोनसवर मजुरांचा रूढीने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीने हक्क पोचत नाही, आणि 1923 चा नफा बोनस देण्याजोगा नव्हता. म्हणजे आकड्यांच्या बाबतीत मालकांचं म्हणणं समितीला पटलं. तरीही मार्चपर्यंत गिरण्या बंद होत्या, गोळीबार झाला, माणसं मेली.

मला या हकिगतीतली जुलै महिन्याची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मालकांनी सांगायला उशीर केला नव्हता, सहा महिने आधी सांगितलं होतं. पण कागद लावला की सांगून झालं असं त्यांनी धरलं. समोरच्याला कळलं का, हे कोणी विचारलं नाही, आणि जुलै ते जानेवारी तीच गोष्ट कोणी तोंडी पुन्हा सांगितल्याचंही दिसत नाही. कागद लावावाच, पण माणसांनी ऐकल्यावर, आठवण म्हणून.

रूढीचा मुद्दाही तिथेच संपला नाही. सणाचा बोनस दीर्घकाळ खंड न पडता, तोट्याच्या वर्षीही, ठरल्या दराने मिळत आला असेल तर तो रूढीचा हक्क ठरू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये मानलं. म्हणून जेऊरच्या मालकांना माझा एक प्रश्न आहे : मागे तोट्याच्या वर्षीही दोन पगार दिले होते का? उत्तर ‘हो’ असेल तर बैठकीआधी कामगार कायद्याच्या वकिलाला भेटा.

वेळेचं आता. हिशेबाचं वर्ष 31 मार्चला संपतं आणि बोनस त्यानंतर आठ महिन्यांत, म्हणजे नोव्हेंबरअखेर द्यायचा असतो. आपल्याकडे तो दिवाळीआधी मिळतो. पण बातमीची तारीख वाटपाच्या दिवसावरून काढू नका. माणूस ते पैसे मनाने कधी खर्च करतो, त्यावरून काढा. नवरात्रात दुकानदाराला शब्द दिला जातो, बचत गटाचा हप्ता दिवाळीवर ढकलला जातो, पोरीला सायकल कबूल केली जाते. त्याच्या आधी सांगितलं तर माणूस घराचा आकडा बदलू शकतो. नंतर सांगितलं तर त्याला शब्द मोडावा लागतो, आणि त्याचा राग पैशापेक्षा मोठा असतो.

जेऊरला आणखी एक गोष्ट आहे, रेल्वे स्टेशन. रेल्वेच्या अराजपत्रित कर्मचाऱ्यांना 78 दिवसांचा उत्पादकता बोनस मिळतो. महिना 7,000 च्या मर्यादेने तो जास्तीत जास्त 17,951 रुपये होतो आणि दसऱ्याच्या आधी जाहीर होतो : 2024 मध्ये 3 ऑक्टोबरला, 2025 मध्ये 24 सप्टेंबरला. त्या आठवड्यात गावात तोच विषय असतो. शेजारच्या घरात पेढे वाटले जात असताना आपला एक पगार गेल्याचं ऐकणं जड जातं. तेव्हा गणपती उठले की लगेचच्या आठवड्यात, मधल्या वारी, सकाळी काम सुरू होण्याआधी बैठक घ्या. शनिवारी संध्याकाळी सांगितलं तर प्रश्न रविवारभर घरोघर फिरतात आणि उत्तर द्यायला तिथे कोणी नसतं.

मुकादमाला तासभर आधी सांगा. आदल्या रात्री सांगितलं तर त्याला रात्रभर गप्प बसावं लागतं किंवा खोटं बोलावं लागतं, आणि सकाळच्या टेम्पोत बातमी चुकीच्या आकड्यासह पोचलेली असते. धुण्याच्या टाक्यांजवळ उभं राहू नका, तिथे मोटरच्या आवाजात शब्द विरतात. आणि बोलायचं मालकांनी. निर्णय त्यांचा आहे. व्यवस्थापकाच्या तोंडून आला की ‘मालकाला तोंड दाखवायचं धाडस नाही’ हीच बातमी होते.

मजकूर मी असा करीन : ‘दरवर्षी आपण दिवाळीला दोन पगार देतो. यंदा एक मिळेल, दुसरा मिळणार नाही. नाकारलेल्या मालाचे पैसे आले नाहीत म्हणून हा निर्णय मी घेतला आहे. रोजावर येणाऱ्या ज्यांचे वर्षात तीस दिवस भरलेत त्यांना त्यांच्या हिशेबाचा किमान बोनस मिळेल. प्रत्येकाची रक्कम आजच हातात लिहून देतो, पैसे धनत्रयोदशीच्या आधी खात्यात येतील.’ एवढंच. ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ हे अशा दिवशी अजिबात म्हणू नये. ऐकणारा लगेच दोन घरांची दिवाळी शेजारी ठेवून पाहतो.

यानंतर प्रश्न येतील आणि खरी कसोटी तिथे आहे. तीन तर येणारच. पहिला, ‘मालक, मग नवी गाडी?’ पत्रात आहे की मालकांनी उन्हाळ्यात गाडी घेतली. उत्तर खरं द्यायचं : घेतली, माल नाकारला जाण्याच्या आधी घेतली, तिचा हप्ता अमुक आहे. आणि ती नाकारल्यानंतर घेतली असेल तर तेही तसंच सांगायचं, कारण गाडी कधी आली हे गावाला माहीत असतं. दुसरा, ‘पुढच्या वर्षी दोन मिळतील ना?’ इथे मालकांच्या तोंडून सवयीने ‘बघू, नक्की देऊ’ निघतं. तेच पुढच्या वर्षी हक्काने मागितलं जाईल. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं, पण कधी कळेल ते सांगावं : मार्चचा हिशेब जूनमध्ये हाती येतो, जुलैच्या पहिल्या आठवड्यात इथेच सांगेन. आणि जुलैत बातमी चांगली असो वा वाईट, उभं राहावं.

तिसरा प्रश्न बहुधा बैठकीत येत नाही, नंतर एकेकटं गाठून येतो : ‘उचल मिळेल का?’ याचं उत्तर आधी ठरवून ठेवा. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त बिघाड इथे होतो. सर्वांसमोर ‘नाही’ म्हणायचं आणि दोघांना मागच्या दाराने द्यायचं, की आठवड्यात पन्नास जणांना कळतं, आणि मग पहिली बातमीही खोटी वाटू लागते. एक मर्यादा ठरवा, समजा 5,000, फेड पाच पगारांतून, सर्वांना सारखी, आणि ती त्याच बैठकीत जाहीर करा. तेवढेही पैसे नसतील तर कोणालाच नाही, हे जाहीर करा.

पत्रात शेवटी विचारलं आहे की कोणी रडलं किंवा भांडायला उठलं तर काय करावं. त्याचं उत्तर पहिल्या वाक्याशी जोडलेलं आहे, तेव्हा दोन्ही पुढच्या आठवड्यात एकत्र घेऊ. तोवर जेऊरकरांनी हजेरीपट पूर्ण करावा आणि तोट्याच्या वर्षी काय दिलं होतं ते कळवावं.