नियमावलीत नसलेला शब्द

दोन भाऊ, एक खाजगी कंपनी आणि पन्नास भाग. प्रत्येकाकडे पंचवीस. दोघांमध्ये तोंडी ठरले होते की, दोन्ही शाखांकडे कायम सारखेच भाग राहतील. कुणाला विकायचे झाल्यास त्याने आधी आपल्याच शाखेतल्या माणसांना विचारायचे. पुढच्या पिढीत एका शाखेतल्या मुलाने आपले भाग थेट दुसऱ्या शाखेतल्या चुलतभावांना विकले आणि प्रकरण न्यायालयात गेले. ‘रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन’ हा तो खटला.

खालच्या न्यायालयांनी शब्द मोडणाऱ्याविरुद्ध निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने 1991 च्या अखेरीस तो फिरवला. कारण एवढेच, की ही अट कंपनीच्या नियमावलीत नव्हती. भाग विकण्यावरचे जे बंधन नियमावलीत नाही, ते कंपनीवरही लागू होत नाही आणि भागधारकांवरही.

निकाल कठोर वाटतो, पण त्यामागचा विचार पक्का आहे. कंपनीचे दोन मूळ दस्तऐवज असतात. घटनापत्रकात नाव, नोंदणीकृत कार्यालयाचे राज्य, उद्दिष्टे, सभासदांची जबाबदारी आणि भागभांडवल येते. आतला कारभार, म्हणजे सभा, मतदान, संचालकांचे अधिकार, भागांचे हस्तांतरण, नियमावली ठरवते. दोहोंत विरोध आला तर घटनापत्रक वरचढ, आणि त्या दोहोंच्याही वर कायदा. कंपनी कायदा 2013 च्या कलम 10 नुसार, नोंदणी झाल्यावर हे दस्तऐवज कंपनीने आणि प्रत्येक सभासदाने जणू स्वतः सही करून पाळण्याचे कबूल केल्याप्रमाणे बंधनकारक ठरतात. उद्या भाग घेणाऱ्याने प्रत्यक्षात कुठेच सही केलेली नसते, तरी तोही बांधला जातो. म्हणूनच त्याला वाचून कळणार नाही अशी घरातली बोली त्याच्यावर लादता येत नाही.

मात्र हे बंधन सभासद या नात्यापुरतेच आहे, आणि परीक्षेत विद्यार्थी इथेच घसरतात. इंग्लंडमधल्या 1876 च्या एली खटल्यात विमा कंपनीच्या नियमावलीत लिहिले होते की एली हेच कंपनीचे वकील राहतील. ते पुढे भागधारकही झाले. कंपनीने दुसरे वकील नेमले तेव्हा त्यांनी दावा लावला आणि ते हरले. वकिलीचा हक्क हा सभासदाचा हक्क नव्हता. त्यासाठी वेगळा करार हवा होता.

रंगराज निकालालाही मर्यादा आहे. सार्वजनिक कंपनीत भागधारकांनी आपसांत केलेला हस्तांतरणाचा करार, करार म्हणून अमलात आणता येतो, असे कलम 58 आता स्पष्ट सांगते. खाजगी कंपनीत मात्र ती अट नियमावलीतच घालून घ्यावी. त्यासाठी विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने हवीत, आणि बदललेली नियमावली पंधरा दिवसांत निबंधकाकडे दाखल करावी लागते.

निबंधकाकडची ही कागदपत्रे शुल्क भरून कुणालाही पाहता येतात. खाजगी कंपनीचे भाग घेण्याआधी हस्तांतरणाची कलमे नक्की वाचा.