मार्चअखेरचे स्वेटर

31 मार्चच्या दुपारी कपड्यांच्या दुकानात शिरलं, की पंखा फुल्ल सुरू असतो आणि माळ्यावरून लोकरीच्या पेट्या खाली येत असतात. मोजदादीचा दिवस. गेली बरीच वर्षं मी पुण्यातल्या एका दुकानाची वही लिहितो. दरवर्षी तिथे एकच वाद होतो : हिवाळ्यात न खपलेल्या मालाची किंमत काय धरायची?

यंदाची शिल्लक अशी होती. लुधियानाहून आणलेले लहान मुलांचे 140 स्वेटर, भाड्यासकट खरेदी 450 रुपये नग. 200 माकडटोप्या, 90 रुपयांच्या. आणि गेल्या पावसाळ्यातले 85 रेनकोट, 380 रुपयांचे. खरेदीभावाने एकूण 1,13,300 रुपये.

"स्वेटर काय नासतोय का? नोव्हेंबरात विकू की," दुकानदार काका म्हणाले.

नासत नाही, पण छातीवर यंदाच्या कार्टूनचं चित्र आहे. पुढच्या हिवाळ्यात पोरं दुसरंच मागतील. नियम सरळ आहे : खरेदी किंमत किंवा निव्वळ वसूलयोग्य मूल्य, यांत जे कमी तेच ताळेबंदात. वसूलयोग्य मूल्य म्हणजे नेहमीच्या धंद्यात माल ज्या भावाला जाईल, त्यातून तो विकायला लागणारा खर्च वजा. लुधियानाच्या गिरणीने त्याच स्वेटरचा भाव आता 380 केलाय, हे काका दोनदा सांगून गेले. त्या आकड्याचा इथे उपयोग नाही. प्रश्न आपण कितीला घेऊ हा नसून कितीला विकू हा आहे.

फेरीवाल्यांना माल देणारा एक व्यापारी स्वेटरला 320 द्यायला तयार होता. पोहोचवण्याचा खर्च नगामागे 20. म्हणजे 300, आणि घट 150 रुपये. 140 नगांची 21,000.

माकडटोपीला फॅशन नसते. ती पुढच्या थंडीतही 120 ला जाईल, म्हणून ती 90 वरच राहिली. इथे काकांनी डोकं लढवलं : टोपीत 30 सुटतात, ते स्वेटरच्या तोट्यात वळते करा. तसं चालत नाही. तुलना एकेका वस्तूची करायची. न झालेल्या विक्रीच्या नफ्याने दुसऱ्या मालाचा तोटा झाकायचा नाही.

रेनकोट मला सगळ्यांत आवडतात, कारण ते मोजणाऱ्याला फसवतात. जुना माल म्हणून हात आपसूक कात्रीकडे जातो. पण दोन महिन्यांवर जून आहे, 550 ला सहज जातील, म्हणून घट शून्य. तरी पेटी उघडली. खालच्या थरातले 15 माळ्यावरच्या उन्हाने एकमेकांना चिकटले होते. भंगारात नगाला 20 रुपये. घट 360 प्रमाणे 5,400. वरचे दोन थर पाहून पेटी मिटली असती, तर हे कळलं नसतं.

एकूण घट 26,400, साठा 86,900.

आता नोंद, आणि खरी चूक इथेच होते. या दुकानात साठ्याचं खातं वर्षभर चालवत नाहीत, वर्षअखेरीला मोजून धरतात. त्यामुळे एकच रोजकीर्द पुरते :

अखेरचा मालसाठा खाते नावे 86,900
व्यापार खात्याला 86,900

साठा कमी धरला, की ढोबळ नफा आपोआप 26,400 ने घटतो. एका वर्षी दुकानातल्या मुलाने हे करून वर 'मालसाठा मूल्यघट' नफा-तोट्याला वेगळी टाकली. तोटा दोनदा बसला. ढोबळ नफ्याचं प्रमाण आधीच घसरलेलं असताना खाली तोच आकडा पुन्हा दिसला, की हा घोळ ओळखावा. संगणकावर साठ्याचं खातं रोज चालत असेल, तर मात्र वेगळी नोंद लागतेच : मूल्यघट खाते नावे, मालसाठा खात्याला.

जीएसटीचं एक विचारतात. किंमत नुसती उतरवली आणि माल विक्रीसाठी दुकानातच आहे, तर खरेदीवर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागत नाही. माल पूर्ण निर्लेखित केला किंवा नष्ट केला, तर कलम 17(5) प्रमाणे परत करावं लागतं. म्हणून चिकटलेले रेनकोट काकांना फेकू दिले नाहीत. ते भंगारवाल्याला बिल करून दिले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्या व्यापाऱ्याने 44 स्वेटर 320 नेच उचलले. ते बिल मी मोजदादीच्या कागदाला टाचलं, कारण 31 मार्चचा अंदाज बरोबर होता याचा त्याहून चांगला पुरावा नाही. उरलेल्या 96 ची पेटी पुन्हा माळ्यावर गेली. चढवण्याआधी काकांनी तिच्यावरचा 450 खोडून मार्करने 300 लिहिलं.