वसुधा आजच का बोलते?

एकपात्री स्पर्धेच्या संहिता वाचायला घेतल्या की दहांपैकी सहा-सात वेळा पहिलं वाक्य साधारण सारखंच असतं : ‘आज मी बोलणार आहे!’ बोल बाई, पण आजच का? आणि कुणाशी?

अशीच एक संहिता घेऊ. पंचेचाळिशीची वसुधा माहेरी आली आहे. घराच्या हक्कसोडपत्रावर तिने सही करावी, अशी थोरल्या भावाची अपेक्षा आहे. वेळेची मर्यादा दहा मिनिटं. मूळ संहितेत वसुधा प्रेक्षकांकडे बघून आपली कर्मकहाणी सांगते. तिचं दुःख खरं आहे, पण ती ते का सांगते आहे याचा पत्ता नाही. त्यामुळे नटीला रडण्यापलीकडे काम उरत नाही.

इथे लेखकाला विचारायचं, वसुधाला दादाकडून नेमकं काय हवंय? ‘न्याय’ हे उत्तर चालत नाही, कारण न्याय मागताना हात कुठे ठेवायचे हे नटाला कळत नाही. थोडं खोदल्यावर उत्तर सापडतं. आईचं चार वर्षं वसुधाने केलं, हे दादाने एकदा तोंडाने म्हणावं, एवढंच तिला हवंय. आता दादाला समोरच्या खुर्चीत बसवता येतो. उद्या सकाळी दुय्यम निबंधकांकडे नोंदणीला जायचं आहे, म्हणजे बोलायला फक्त आजची रात्र. ‘आजच का’ याचंही उत्तर मिळालं.

प्रेक्षकच ऐकणारे असले तरी हरकत नाही, पण तेही ठरलेलं हवं. चेकॉव्हच्या ‘तंबाखूचे दुष्परिणाम’ या एकपात्रीतला व्याख्याता बायकोच्या हुकमावरून व्याख्यानाला उभा आहे. प्रेक्षक हे त्याचे श्रोते. विषय सोडून तो संसाराचं रडगाणं गातो, भडकून अंगातला जुना कोट काढून पायदळी तुडवतो, आणि विंगेत बायको दिसताच मुकाट्याने पुन्हा तंबाखूवर येतो. चेकॉव्हने १८८६ मध्ये लिहिलेली ही छोटी एकपात्री पुढे अनेकदा बदलली. तिचं शेवटचं रूप १९०२ मधलं आहे.

भावनेची चढण तपासायला एक सोपी रीत आहे. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात एक क्रियापद लिहायचं : वसुधा इथे दादाचं काय करते? मूळ संहितेत सलग पाच ठिकाणी ‘तक्रार करते’ असंच लिहावं लागलं. दुसऱ्या मिनिटालाच ती हुंदके देते, मग आठव्या मिनिटाला काय करणार? आवाज चढवणार. परीक्षकांना तो चढलेला आवाज दिवसभर ऐकू येत असतो. बदललेल्या संहितेत ती आधी दादाची चेष्टा करते, मग लहानपणची आठवण काढून त्याला हसवू बघते, मग औषधांच्या खर्चाचा हिशेब मांडते आणि त्यानंतर टोचते. आई शेवटच्या आठवड्यात रोज ‘तो आला का?’ विचारायची, हे मूळ संहितेत तिसऱ्या ओळीत होतं. ते सातव्या मिनिटाला नेलं. त्यानंतर फार बोलायचं नाही. कळस झाल्यावर तीन मिनिटं तत्त्वज्ञान सांगणारी वसुधा बघवत नाही.

आता तोंडात न बसणारी वाक्यं. एक नमुना : ‘दादा, तुला ठाऊकच आहे की आपले बाबा, जे पोस्टात नोकरीला होते, ते मी दहावीत असताना वारले.’ भावाला ठाऊक आहे, मग ती सांगते कशाला? प्रेक्षकांसाठी. ही माहिती भांडणातून यायला हवी : ‘बाबा गेले तेव्हा माझी दहावी होती. तुझी फी भरली, माझा क्लास बंद झाला.’ दुसरा नमुना : ‘माझ्या अंतःकरणात साचलेल्या वेदनांचा बांध आज फुटला आहे.’ बांध खरंच फुटला तर बाईला एवढं लांब वाक्य सुचणार नाही. इथे ‘दे ते पेन’ पुरतं. तिसरा प्रकार म्हणजे न दिसणाऱ्या माणसाचा पोपट : ‘काय म्हणालास? मी पैशांसाठी आले?’ असं एकदा चालतं. चौथ्यांदा प्रेक्षक हसतात.

अशी वाक्यं नुसत्या डोळ्यांनी वाचून सापडत नाहीत. नटीने साडीची घडी घालता घालता संहिता मोठ्याने म्हणायची. जिथे हात थांबतो किंवा श्वास तुटतो, तिथे पेन्सिलीने खूण करायची. एकाच जागी दोन-तीनदा अडखळली तर चूक पाठांतराची नाही, वाक्याची आहे. ‘तिच्या डोळ्यांतून एकच अश्रू ओघळतो’ यासारख्या सूचनाही काढून टाकाव्यात, कारण पाचव्या रांगेतून तो अश्रू दिसत नाही.

नऊ मिनिटांत वाचून होणारी संहिता थांबे आणि हालचाली धरून सहज अकरावर जाते. त्यामुळे कापाकापी ठरलेलीच आहे. लेखकांना एवढंच सांगणं, की संहिता वाचायला द्यायची तर पाठांतर सुरू होण्यापूर्वी द्या. प्रयोगाच्या आदल्या दिवशी बदललेलं वाक्य नटाला रंगमंचावर हमखास दगा देतं.