गप्प बसणाऱ्याचं ऐका

तुरुंगाधिकारी तीन कैद्यांना समोर उभं करतो. त्याच्याकडे पाच टोप्या आहेत, तीन पांढऱ्या आणि दोन काळ्या. तिघांच्याही डोक्यावर तो पांढरीच टोपी घालतो आणि काळ्या दोन्ही लपवून ठेवतो. प्रत्येकाला उरलेल्या दोघांच्या टोप्या दिसतात, स्वतःची दिसत नाही. एकमेकांशी बोलायचं नाही. ज्याला आपल्या टोपीचा रंग कारणासह सांगता येईल त्याने दाराकडे चालत यायचं, त्याची सुटका होईल.

तिघांनाही समोर दोन पांढऱ्या टोप्या दिसतात. त्यावरून स्वतःबद्दल काहीच कळत नाही, म्हणून सगळे जागच्या जागी उभे राहतात. मग पहिला कैदी विचार करू लागतो. समजा, माझी टोपी काळी आहे. मग दुसऱ्याला एक काळी आणि एक पांढरी दिसत असणार. त्याने असा विचार केला असता : माझीही काळी असती तर तिसऱ्याला दोन काळ्या दिसल्या असत्या आणि तो केव्हाच दाराकडे निघाला असता, तो निघाला नाही, म्हणजे माझी पांढरी. एवढं कळल्यावर दुसरा चालू लागला असता. पण तोही हललेला नाही. म्हणजे माझी टोपी काळी नाहीच.

बहुतेक पुस्तकांत कोडं इथे संपतं. फ्रेंच मनोविश्लेषक जाक लाकाँ यांनी मात्र 1945 मध्ये त्याच्यावर एक अख्खा निबंध लिहिला (त्यांच्या कैद्यांना टोपीऐवजी पाठीवर चकती होती) आणि नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. तिघेही सारखेच हुशार असतील तर तिघे एकदमच निघतील. पाऊल उचलताच पहिल्याला दिसतं की बाकीचे दोघेही निघाले. मग ते हलले नाहीत हा आपला आधार गेलाच की! कदाचित माझी काळी असेल आणि ती पाहूनच ते निघाले असतील. तो थबकतो, आणि त्याच कारणाने तिघेही थबकतात. लाकाँ यांचा हिशेब असा की तिघांनी दोनदा निघून दोनदा थांबल्याशिवाय पुरती खात्री होत नाही.

मला ही हरकत रास्त वाटते. ‘अजून कोणी हललं नाही’ म्हणजे किती वेळ? दोन सेकंद की दोन मिनिटं? गप्प राहणं म्हणजे कळलेलं नाही, की अजून विचार चाललाय? घड्याळ नसेल तर मौनाचा अर्थ लागत नाही. म्हणून गणितज्ञ या कोड्यात एक घंटा आणतात.

आता चौघांचा खेळ मांडू. सुमन, केशव, नलू आणि दत्ता गोल करून बसले आहेत. पहिल्या तिघांच्या टोप्या लाल, दत्ताची पांढरी. लाल-पांढऱ्या किती, हे कोणालाच सांगितलेलं नाही. खेळ घेणारा मोठ्याने म्हणतो, ‘‘तुमच्यापैकी निदान एकाची टोपी लाल आहे.’’ मग दर मिनिटाला तो घंटा देणार. आपला रंग ओळखता आला असेल त्याने घंटेसरशी हात वर करायचा.

पहिली घंटा होते, हात एकही नाही. एकच लाल टोपी असती तर तिच्या मालकाला समोर सगळ्या पांढऱ्या दिसल्या असत्या आणि त्याने लगेच हात वर केला असता. म्हणजे लाल टोप्या निदान दोन आहेत, हे सगळ्यांना कळलं. दुसरी घंटा, पुन्हा शांतता. दोनच असत्या तर त्या दोघांना समोर एकेकच लाल दिसली असती आणि दुसरी आपलीच हे त्यांनी ओळखलं असतं. म्हणजे निदान तीन. सुमनला तर केशव आणि नलू या दोघांच्याच लाल टोप्या दिसताहेत. तिसरी तिचीच असणार. केशव आणि नलूचंही तेच. तिसऱ्या घंटेला तिघांचे हात एकदम वर जातात आणि ते पाहून दत्ताला आपली पांढरी असल्याचं कळतं. खेळणारे कितीही असोत, लाल टोप्या जितक्या असतील तितक्याव्या घंटेला त्या घालणारे हात वर करतात.

खरी गंमत मात्र त्या पहिल्या वाक्यात आहे. निदान एक टोपी लाल आहे, हे तर चौघांनाही डोळ्यांनी दिसत होतं. मग खेळ घेणाऱ्याने नवीन काय सांगितलं? ते वाक्य वगळून पाहा : घंटा दिवसभर वाजत राहिली तरी एकही हात वर जाणार नाही, कारण पहिल्या घंटेच्या शांततेतून काही निघतच नाही.

इथे सुमनच्या डोक्यात शिरून पाहावं लागतं. घोषणेआधी तिच्या मनात शक्यता आहे की आपली टोपी पांढरी असेल. तसं असेल तर केशवला फक्त नलूची लाल दिसत असेल आणि त्यालाही वाटू शकेल की आपली पांढरी असेल. मग केशवच्या कल्पनेतल्या नलूला एकही लाल टोपी दिसत नसेल. लाल टोपी आहे हे सुमनला माहीत आहे. ते केशवला माहीत आहे, हेही तिला माहीत आहे. पण नलूला ते माहीत असल्याची केशवला खात्री आहे का, हे तिला सांगता येत नाही. सगळ्यांसमक्ष केलेली घोषणा नेमकी ही फट बुजवते. तेच वाक्य प्रत्येकाच्या कानात गुपचूप सांगितलं, तर इतरांना सांगितलंय की नाही हे कोणालाच कळणार नाही आणि खेळ पुढे सरकणार नाही.

सगळ्यांना माहीत, सगळ्यांना माहीत आहे हेही सगळ्यांना माहीत, अशी न संपणारी माळ म्हणजे ‘कॉमन नॉलेज’. डेव्हिड लुईस या तत्त्वज्ञाने 1969 मध्ये ही कल्पना नीट मांडली. पुढे 1976 मध्ये रॉबर्ट ऑमन यांनी तिला गणिती रूप दिलं. त्यांना 2005 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. 

खऱ्या माणसांबरोबर हा खेळ लवकर फसतो. रॉबर्टो वेबर यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तर्काची एकच पायरी लागायची तेव्हा लोकांचं बरं जमलं, पायऱ्या वाढल्या तसं बिनसत गेलं. आपल्या चौकडीत ते कसं बिनसेल तेही पाहू. समजा लाल टोपी एकट्या नलूची आहे. पहिल्या घंटेलाच तिने हात वर करायला हवा, पण तिची डुलकी लागली आहे. बाकीचे तिघे तिच्या गप्प बसण्याला पुरावा समजतात आणि दुसऱ्या घंटेला तिघेही छातीठोकपणे ‘माझी लाल’ म्हणून हात वर करतात. तिघेही चुकलेले, आणि तिघांच्याही तर्कात खोट काढता येत नाही.

पण त्यातला जो चाणाक्ष असेल त्याने हात वर असतानाच आजूबाजूला पाहावं. सुमनला खरोखर लाल टोपी असती, तर केशव आणि दत्ता या दोघांना समोर दोन-दोन लाल दिसल्या असत्या आणि ते या घंटेला गप्प बसले असते. हात वर करायला हवा होता तो फक्त सुमनने आणि नलूने. इथे केशव-दत्ताचे हात वर आहेत आणि नलूचा खालीच आहे. मागच्या घंटेला कोणीतरी जागं नव्हतं, हे एवढ्यावरून ओळखता येतं.