रविवारी रात्री मेन स्विच बंद करू नका

‘रविवारी रात्री १० ते २ या वेळेत सर्व संगणकांवर अपडेट बसवले जातील. कृपया नोंद घ्यावी.’ दवाखान्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मॅनेजरचा असा मेसेज येतो. त्याखाली आठ-दहा अंगठे उमटतात. रविवारची ओपीडी संपल्यावर साफसफाई करणाऱ्या मावशी नेहमीप्रमाणे सगळ्या टेबलांची बटणं बंद करतात, मेन स्विच खाली ओढतात आणि कुलूप लावून घरी जातात. विजेची बचत होते, पण अपडेट एकाही संगणकावर बसत नाही.

यात मावशींचा दोष नाही. नोटिशीत काय होणार ते लिहिलं होतं, कोणी काय करायचं ते लिहिलंच नव्हतं. दवाखान्यातल्या अशा बहुतेक नोटिशी इथेच फसतात.

मुळात रविवारची रात्रच का? मायक्रोसॉफ्ट कंपनी विंडोजमधल्या सुरक्षेच्या त्रुटींवरचे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध करते. २००३ सालापासून हा शिरस्ता आहे. आपल्याकडे तोवर मंगळवारची रात्र झालेली असते. समजा, दुसरा मंगळवार ११ तारखेला आला. रविवार येतो १६ तारखेला. मधल्या दिवसांत जगभर असंख्य संगणकांवर तो अपडेट बसलेला असतो आणि त्यात काही खोट असेल तर तिची बोंब बहुधा झालेली असते. हुशार मॅनेजर गुरुवारीच रिसेप्शनवरच्या एका संगणकावर तो बसवून घेतो. केसपेपर निघतो का, बिल छापलं जातं का, हे दोन दिवस बघतो आणि मगच बाकीच्यांना हात लावतो.

याहून जास्त थांबण्यात मात्र शहाणपण नाही. अपडेट जाहीर झाला की कुठे भोक होतं हे चोरांनाही कळतं. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने असाच एक अपडेट दिला होता. तो न बसवलेल्या संगणकांवर १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस पसरला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत मोठ्या रुग्णालयांबरोबर ५९५ फॅमिली डॉक्टरांचे दवाखानेही त्याच्या तावडीत सापडले. उपाय जवळपास दोन महिने हाताशी होता, तो लावायचा राहिला होता.

बरं, मॅनेजरने रविवार ठरवलाच नाही तर? संगणक स्वतःच वेळ शोधतो. अपडेट उतरवून झाला की त्याला रीस्टार्ट हवा असतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये Active hours नावाची जागा आहे. तिथे कामाची वेळ भरली की त्या वेळेत संगणक आपणहून रीस्टार्ट होत नाही. ही वेळ जास्तीत जास्त १८ तासांची ठेवता येते. सकाळी ८ ते रात्री १० उघड्या असणाऱ्या दवाखान्याला १४ तास पुरतात. ती भरली नसेल, तर पेशंट समोर बसलेला असताना पडदा निळा होऊन टक्के मोजू लागण्याची पाळी येऊ शकते.

आता नोटीस कशी असावी ते पाहू. दहा-बारा संगणकांच्या पॉलिक्लिनिकमध्ये ती साधारण अशी लिहिता येईल:

‘रविवार, १६ तारखेला रात्री १० ते २ संगणकांचं काम आहे. रिसेप्शन, बिलिंग, फार्मसी: निघताना उघडी कामं सेव्ह करा, सॉफ्टवेअरमधून लॉग आउट व्हा, फक्त मॉनिटर बंद करा. संगणक सुरूच ठेवा. डॉक्टरांचे लॅपटॉप चार्जरला लावलेले आणि उघडे असावेत. मावशी: आज मेन स्विच आणि यूपीएस बंद करायचा नाही. लॅबच्या मशीनला आणि सोनोग्राफीला जोडलेले संगणक यात नाहीत, त्यांना हात लावू नये. रात्री पेशंट आला तर कागदी केसपेपर आणि पावतीपुस्तक वापरा, ते रिसेप्शनच्या पहिल्या खणात आहेत. पडदा निळा दिसला तरी बटण दाबू नका, मला फोन करा.’

यातली प्रत्येक ओळ कोणत्या ना कोणत्या फजितीतून आलेली आहे. लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो सहसा झोपी जातो आणि काम तिथेच थांबतं. बिलिंगवर अर्धवट भरलेली पावती सेव्ह केली नसेल तर रीस्टार्टमध्ये ती गेली. लॅब अ‍ॅनालायझर किंवा सोनोग्राफी मशीनबरोबर आलेल्या संगणकावर त्या कंपनीने विशिष्ट विंडोजवर तपासलेलं सॉफ्टवेअर असतं. तिथे परस्पर अपडेट केला आणि मशीन बोलेनासं झालं, तर इंजिनिअर येईपर्यंत रिपोर्ट अडकतात. त्या संगणकांचा अपडेट कंपनीला विचारूनच करायचा. मेन स्विच चालू ठेवण्यात आणखी एक फायदा आहे. त्याच लाइनवर लसींचा फ्रिज असेल, तर त्याचं तापमान २ ते ८ अंशांच्या मध्ये राहतं.

काम चालू असतानाच वीज गेली तर? साधा यूपीएस संगणकाला काही मिनिटं तगवतो, चार तास नाही. अर्ध्यात बंद पडलेला संगणक पुन्हा सुरू केला की बहुतेक वेळा तो झालेले बदल मागे घेतो आणि पडद्यावर Undoing changes made to your computer असं दिसतं. घाबरून पुन्हा बटण दाबण्याचा मोह होतो, तो आवरायचा. मागे फिरायलाही त्याला वेळ लागतो. काही संगणक सुरू होताना ४८ आकडी BitLocker की मागतात. ही की आधीच कागदावर उतरवून डॉक्टरांच्या कपाटात ठेवलेली बरी. कारण ती ज्या संगणकात साठवली आहे, तोच उघडत नसतो.

रात्री १० वाजता पहिलं काम अपडेटचं नाही, बॅकअपचं. पेशंटच्या नोंदी सर्व्हरवर असतील तर त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायची, ती उघडते का पाहायची आणि डिस्क काढून ठेवायची. नंतर सर्व्हर, तो नीट उठला की बाकीचे संगणक.

माझ्या मते खरी परीक्षा रात्री नसते, सोमवारी सकाळी असते. आठवड्यातली सर्वांत मोठी गर्दी त्याच दिवशी, म्हणून काही जण शनिवारची रात्र पसंत करतात. रविवारी दवाखाना बंद असेल तर तेच उत्तम. रविवारच घ्यायचा तर कुणीतरी साडेसातला येऊन प्रत्येक टेबलावर एक खोटा पेशंट नोंदवावा, एक बिल आणि एक लेबल छापून पाहावं आणि मग ती नोंद रद्द करावी. लेबल मुद्दाम म्हणतो. जुलै २०२१ मध्ये आलेल्या एका तातडीच्या सुरक्षा अपडेटनंतर यूएसबीने जोडलेले काही पावती आणि लेबल प्रिंटर छापेनासे झाले होते. बाकी संगणक ठणठणीत होता. लॅबच्या नळीवर चिकटवायचा बारकोडच निघाला नाही तर रक्त कुणाचं हे हाताने लिहिण्याची वेळ येते. अशा वेळी Settings मधल्या Update history मध्ये जाऊन Uninstall updates निवडलं की बहुतेक अपडेट काढता येतात. साडेसातला हे कळलं तर नऊच्या आत निस्तरता येतं, नऊला कळलं तर रांग दारात असते.

शेवटी एक तपासणी नोटीस लिहिण्याआधीच करा. प्रत्येक संगणकावर winver टाइप करून कोणतं विंडोज आहे ते पाहा. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आहेत. असा संगणक वाढीव मुदतीच्या योजनेत नोंदवलेला नसेल, तर तो रविवारी रात्रभर चालू ठेवूनही त्यावर सुरक्षेचा नवा अपडेट येणार नाही.