कार्यालयाची आगाऊ रक्कम

आमच्या स्नेह्यांच्या घरीं वधूचें लग्न वीस दिवसांवर आलें असतां तिच्या आजी निवर्तल्या. लग्न पुढें ढकलावें लागलें. मंगल कार्यालयाचें भाडें १,२०,००० रुपये ठरलें होतें. पैकीं ६०,००० आगाऊ भरले होते. ते परत मागतांच व्यवस्थापकांनीं पावतीची मागची बाजू दाखविली: 'आगाऊ रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाहीं.'

येथें बहुतेक माणसें दोन चुका करतात. कोणी केवळ दुःखाची दाद मागतो. कोणी म्हणतो कीं मृत्यूमुळें करारच रद्द झाला. परंतु १८७२ च्या करार कायद्याचें ५६ वें कलम करार पाळणें अशक्य झालें तरच लागू पडतें. आजींच्या निधनानें तिथि टळली, कार्यालय कांहीं बंद पडलें नव्हतें. उपयोगाचें कलम ७४ वें. करार मोडल्यास किती रक्कम गमवावी हें आधीं लिहून ठेवलेलें असलें, तरी वाजवी भरपाईहून अधिक घेतां येत नाहीं, असा त्याचा आशय आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं दिल्ली विकास प्राधिकरणाविरुद्धच्या एका खटल्यांत हेंच तत्त्व अनामत जप्तीला लावलें, आणि नुकसानच झालें नसेल तर भरपाई मागतां येणार नाहीं असें सांगितलें.

म्हणून खरा प्रश्न एकच: ती तारीख दुसऱ्या कोणास दिली गेली काय?

वधूच्या काकांनीं निधनाच्या दुसऱ्याच दिवशीं कार्यालयास लेखी कळविलें. सुतकांत पत्र कसलें, असें घरांत कोणी म्हणालेंही. पण उशिरा कळविल्यास तारीख रिकामी राहते आणि कार्यालयाचें नुकसान खरें ठरतें. पत्रांत पावतीचा क्रमांक व तारीख दिली, मृत्यूचा दाखला मागाहून जोडण्याचें कबूल केलें, आणि तारीख पुन्हां देण्यास आपली हरकत नाहीं असें स्पष्ट लिहिलें. पत्र रजिस्टर पोस्टानें धाडून पोंच जपून ठेवली.

त्या दिवशीं काका मुद्दाम कार्यालयावरून गेले. दारावर मुंजीचा फलक झळकत होता! त्याचें छायाचित्र घेऊन त्यांनीं दुसरें पत्र लिहिलें: नुकसान किती झालें तें दाखवावें, तेवढें कापून बाकी पंधरा दिवसांत द्यावी, न दिल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊं. (तेथें दोन वर्षांच्या आंत तक्रार करावी लागते, मोबदला पांच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाहीं.)

व्यवस्थापकांनीं वही दाखविली. मुंज ९५,००० ला ठरली होती, म्हणजे तूट २५,००० ची. तेवढी कापण्यास काकांनीं हरकत घेतली नाहीं, आणि ती घेणें योग्यही झालें नसतें. तारीख रिकामीच राहिली असती, तर बहुधा सारे साठ हजार सोडावे लागले असते. उरलेल्या ३५,००० चा धनादेश आठवड्याभरांत घरीं आला.