हस्तलिखित वेळ-नोंदीच्या छायाचित्रांवरून साप्ताहिक तास-तक्ता : पद्धती आणि पडताळणी

प्रस्तावना

अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि गृहविज्ञान या विषयांच्या प्रकल्पांत विद्यार्थी आता वेळ-वापराचा अभ्यास वरचेवर निवडतात. भारतात राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ व २०२४ या वर्षांत देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणे केली. त्यांत पहाटे ४ पासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे ४ पर्यंतचा दिवस अर्ध्या अर्ध्या तासाच्या भागांत विचारून नोंदविला गेला. महाविद्यालयीन प्रकल्पात असा प्रशिक्षित मुलाखतकार नसतो. उत्तरदात्याला एक वही दिली जाते, तो आपल्या हस्ताक्षरात दिवसभराची कामे लिहितो आणि आठवड्याच्या अखेरीस विद्यार्थी त्या पानांची भ्रमणध्वनीवर छायाचित्रे घेऊन येतो. वही उत्तरदात्याकडेच राहते. म्हणजेच पुढील सर्व आकडे त्या छायाचित्रांवरच उभे राहतात.

प्रस्तुत लेखात या छायाचित्रांपासून साप्ताहिक तक्त्यापर्यंतचा प्रवास एका उदाहरणाच्या आधारे मांडला आहे. उदाहरण स्पष्टीकरणासाठी रचलेले आहे. घरी पोळी-भाजीचे डबे करून विकणारी, शाळकरी मुलगा आणि वृद्ध सासू असलेली एक गृहिणी येथे गृहीत धरली आहे. तिचा आठवडा किती तास मोबदल्याच्या कामात आणि किती तास विनामोबदला कामात जातो, हा अभ्यासाचा प्रश्न आहे. या प्रश्नाचे उत्तर केवळ बेरजेवर ठरत नाही. नोंद कशी वाचली आणि एकाच वेळी केलेली दोन कामे कशी मोजली, यावरही ते ठरते.

छायाचित्रापासून ओळीपर्यंत

छायाचित्र घेताना पानाचे चारही कोपरे आणि पानावरील तारीख दिसली पाहिजे. वहीच्या शिवणीकडील बाजू वळल्यामुळे तेथील अंक बहुधा झाकले जातात, म्हणून पान सपाट दाबून धरावे. सातही पानांची छायाचित्रे एकाच संध्याकाळी घेतलेली असतात. त्यामुळे पानांचा क्रम छायाचित्राच्या वेळेवरून न लावता पानावर लिहिलेल्या तारखेवरून लावावा.

यानंतर पानावरील प्रत्येक ओळ गणनपत्रकात एक स्वतंत्र ओळ म्हणून उतरवावी. अ‍ॅक्टिव्हिटीनुसार थेट बेरीज करत जाण्याचा मोह टाळावा, कारण तसे केल्यास चूक कोणत्या ओळीत झाली हे नंतर शोधता येत नाही. स्तंभ पुढील क्रमाने ठेवता येतात : छायाचित्र क्रमांक, वार, ओळ क्रमांक, पासून, पर्यंत, मूळ शब्द, वर्ग, सोबतचे काम, शेरा आणि मिनिटे. मूळ शब्द जसेच्या तसे उतरवावेत. 'आवराआवर' या शब्दाचा अर्थ घर आवरणे की स्वतःचे आवरणे, हा निर्णय वर्गाच्या स्तंभात घ्यावा, म्हणजे तो पुढे तपासता येतो.

मराठी हस्ताक्षरात दोन ठिकाणी विशेष सावध राहावे लागते. पहिले ठिकाण म्हणजे १ आणि ९ हे अंक. घाईत लिहिलेले हे दोन अंक छायाचित्रात अनेकदा सारखे दिसतात. दुसरे म्हणजे अपूर्णांकांची जुनी लेखनपद्धती. वयस्क व्यक्ती साडेचार ४॥ असे आणि पावणेदहा ९॥। असे लिहितात. या दंडांना एक हा अंक समजल्यास वेळेचा अर्थच हरवतो. सर्व वेळा उतरवतानाच चोवीस तासांच्या घड्याळात लिहाव्यात. दुपारचा १ हा १३:०० आणि रात्रीचे साडेदहा हे २२:३० असे लिहिले की सकाळ-संध्याकाळचा घोळ उरत नाही.

मिनिटांत मोजणी

तास आणि मिनिटे यांमधील टिंब हे दशांश चिन्ह नव्हे. वहीत एखाद्या कामापुढे '१.४५' असा कालावधी लिहिलेला असेल तर तो १०५ मिनिटांचा आहे. सात दिवस अशीच नोंद असल्यास आठवड्याची बेरीज ७३५ मिनिटे, म्हणजे १२ तास १५ मिनिटे होते. तोच आकडा दशांश समजून बेरीज केली तर १०.१५ तास, म्हणजे १० तास ९ मिनिटे मिळतात आणि २ तास ६ मिनिटे नाहीशी होतात. म्हणून सर्व मोजणी मिनिटांत करावी आणि तासांत रूपांतर फक्त शेवटच्या स्तंभात करावे.

रात्री २२:३० ते पहाटे ०४:०० अशी झोपेची नोंद साध्या वजाबाकीने ऋण येते. वरील स्तंभक्रमात 'पासून' D मध्ये, 'पर्यंत' E मध्ये आणि मिनिटे J मध्ये येतात. पहिले सूत्र J स्तंभात लिहावे. त्याने मध्यरात्र ओलांडणारी नोंदही बरोबर मोजली जाते. दुसरे सूत्र एका वारातील एका वर्गाची बेरीज देते.

```
=ROUND(MOD(E2-D2,1)*1440,0)
=SUMIFS(J:J,B:B,"सोमवार",G:G,"घरकाम")
```

एका दिवसाची पडताळणी

दिवसाची मिनिटे १४४० असतात. दिवसातील सर्व ओळींची बेरीज एवढीच आली पाहिजे आणि प्रत्येक ओळ मागील ओळ जेथे संपली तेथूनच सुरू झाली पाहिजे.

आपल्या उदाहरणातील सोमवारच्या पानाची पहिली बेरीज १२०० आली, असे समजू. २४० मिनिटांची तूट आहे. ओळींची साखळी पाहिली असता '८.३० ते ९ डबे' या ओळीनंतरची जेवणाची ओळ दुपारी १ वाजता सुरू होताना दिसते. छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर ९ वाटलेला अंक प्रत्यक्षात १ असल्याचे कळते. डब्यांचे काम अर्धा तास नसून साडेचार तास होते. दुरुस्तीनंतर बेरीज १४४० येते. येथे तूट भरून काढण्यासाठी झोपेत किंवा 'इतर' या वर्गात २४० मिनिटे टाकली असती, तर बेरीज जुळली असती, पण मोबदल्याचे चार तास कायमचे गळाले असते.

या कसोटीची मर्यादाही लक्षात घ्यावी. याच पानावर दूरदर्शन पाहणे ९.१५ ते १०.३० आणि पुढे झोप अशी नोंद आहे. ही सीमेवरची वेळ दोन्ही ओळींत १०.१० अशी वाचली गेली, तर वीस मिनिटे एका कामातून दुसऱ्या कामात जातात. तरीही साखळी अखंड राहते आणि बेरीज १४४० च येते. अशी चूक केवळ दुसऱ्या वाचकाकडून सापडते. पहिली उतरवणी न पाहता दुसऱ्या विद्यार्थ्याने तेच पान स्वतंत्रपणे उतरवावे आणि जेथे दोन वाचनांत फरक पडेल तेथेच मूळ छायाचित्राकडे परत जावे.

साप्ताहिक तक्ता

सात दिवस पडताळून झाल्यावर वर्गवार मिनिटे पुढीलप्रमाणे येतात. वर्ग संयुक्त राष्ट्रांच्या २०१६ च्या वेळ-वापर वर्गीकरणाच्या धर्तीवर, परंतु संक्षिप्त ठेवले आहेत.

| वर्ग | सोम | मंगळ | बुध | गुरु | शुक्र | शनि | रवि | एकूण मिनिटे | तास:मिनिटे |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| विक्रीचे डबे | ३७५ | ३९० | ३७५ | ३९० | ३७५ | ३३० | ० | २२३५ | ३७:१५ |
| घरकाम | २४० | २२५ | २५५ | २४० | २२५ | २७० | ३९० | १८४५ | ३०:४५ |
| मुलाचा व वृद्धांचा सांभाळ | १२० | १२० | ९० | १२० | १२० | १२० | १८० | ८७० | १४:३० |
| झोप, जेवण, स्वतःची निगा | ५५५ | ५७० | ५४० | ५५५ | ५७० | ५५५ | ६०० | ३९४५ | ६५:४५ |
| विश्रांती व करमणूक | १५० | १३५ | १२० | १३५ | १५० | १६५ | २७० | ११२५ | १८:४५ |
| अवाचनीय | ० | ० | ६० | ० | ० | ० | ० | ६० | १:०० |
| एकूण | १४४० | १४४० | १४४० | १४४० | १४४० | १४४० | १४४० | १००८० | १६८:०० |

तक्ता आडवा आणि उभा अशा दोन्ही बाजूंनी मिळाला पाहिजे. प्रत्येक वार १४४० वर आणि संपूर्ण आठवडा १००८० मिनिटांवर, म्हणजे १६८ तासांवर बंद होतो. गणनपत्रकात शेवटच्या स्तंभाला वेळेचा साधा साचा दिल्यास चोवीस तासांनंतर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि ३७:१५ ऐवजी १३:१५ दिसते. एकूण मिनिटांना १४४० ने भागून त्या स्तंभास `[h]:mm` हा साचा दिल्यास पूर्ण तास दिसतात.

बुधवारच्या पानाची कड छायाचित्रात कापली गेल्याने एक तास वाचता येत नाही. इतर दिवसांवरून तो घरकामाचा असावा असा अंदाज बांधता येईल. परंतु अंदाज ही नोंद नव्हे. उत्तरदात्याकडे जाऊन ते पान पुन्हा पाहता आले तर उत्तम, अन्यथा तो तास 'अवाचनीय' म्हणून तक्त्यात उघड ठेवावा.

एकाच वेळी दोन कामे

सोमवार ते शनिवार रोज सकाळी ६.१५ ते ८ या वेळेपुढे 'डबे व घरचा स्वयंपाक' अशी नोंद आहे. एकाच चुलीवर विक्रीची आणि घरची भाजी शिजते. ही १०५ मिनिटे दोन्ही वर्गांत पूर्ण मोजली तर दिवस १४४० च्या पुढे जातो. वरील तक्त्यात प्रथम लिहिलेले काम मुख्य मानले आहे आणि घरचा स्वयंपाक 'सोबतचे काम' या स्तंभात ठेवला आहे. सहा दिवसांत अशी ६३० मिनिटे, म्हणजे १० तास ३० मिनिटे होतात.

हीच वेळ दोन्ही कामांत समान विभागली, तर ५ तास १५ मिनिटे एका बाजूकडून दुसरीकडे जातात. मुख्य कामाच्या नियमाने मोबदल्याचे काम ३७ तास १५ मिनिटे आणि विनामोबदला काम, म्हणजे घरकाम व सांभाळ मिळून, ४५ तास १५ मिनिटे होते. समान विभागणीच्या नियमाने हेच आकडे ३२ तास आणि ५० तास ३० मिनिटे होतात. वही तीच, छायाचित्रेही तीच, परंतु दोहोंतील अंतर ८ तासांवरून साडेअठरा तासांवर जाते. म्हणून नियम वाचनाआधी ठरवावा, तक्त्याखाली लिहावा आणि सर्व उत्तरदात्यांना सारखा लावावा. सोबतच्या कामांची वेळ १६८ तासांत न मिळवता तक्त्याखाली स्वतंत्र दाखवावी.

काही कामे या स्तंभातही मोजून येत नाहीत. डबे करताना 'मध्ये सासूबाईंना औषध' असे गृहिणीने लिहिले आहे, पण त्याला वेळ दिलेली नाही. तेथे मिनिटे कल्पून न घालता 'सोबतचे काम' या स्तंभात केवळ त्या कामाचा उल्लेख करावा. सांभाळाचे १४ तास ३० मिनिटे हा किमान आकडा आहे, एवढेच त्यावरून म्हणता येते.

निष्कर्ष

दिवसाची १४४० मिनिटांची कसोटी गळालेली वेळ पकडते, परंतु चुकीच्या वर्गात गेलेली वेळ पकडत नाही. त्यासाठी दुसरे स्वतंत्र वाचन लागते. दुहेरी कामाचा नियम हा मात्र वाचनाचा प्रश्न नसून निर्णयाचा आहे. प्रकल्प तपासताना मार्गदर्शकाने अंतिम तक्त्यासोबत ओळनिहाय उतरवणी, अवाचनीय वेळ आणि दुहेरी कामाचा नियम या तीन गोष्टी मागितल्या, तर तक्त्यातील कोणताही आकडा छायाचित्रातील मूळ ओळीपर्यंत मागे नेऊन तपासता येतो.